भिवंडीला कोण गेलं होतं?

भिवंडीला कोण गेलं होतं? सरळ उत्तर दे.

तू गेला नव्हतास. तुझे सीनियर गेले नव्हते. फर्ममधलं दुसरं कुणीही गेलं नव्हतं. ३१ मार्चला तुमची सगळी टीम चाकणच्या कारखान्यात माल मोजत होती आणि भिवंडीचं गोदाम ‘नंतर बघू’ म्हणून राहिलं ते राहिलंच. आता सप्टेंबर अर्धा सरला. रिपोर्टवर सही व्हायला आठ दिवस उरलेत. आणि आज तुझ्यासमोर एक तयार पान आलंय: ‘भिवंडी गोदामातील प्रत्यक्ष मोजणीस ३१ मार्च रोजी उपस्थित राहिलो, २५ बाबी मोजून पाहिल्या, फरक आढळला नाही.’ खाली ‘तयार करणार’ अशी रिकामी चौकट. त्या चौकटीत तुझी आद्याक्षरं हवीत.

आणि तू माझ्याकडे येऊन विचारलंस काय? ‘सर, हे वाक्य जरा मोघम कसं करता येईल?’

सही करू का, हे विचारलं नाहीस. ते तू मनात आधीच ठरवलं होतंस. तुला फक्त असे शब्द हवे होते, ज्यांत खोटंही मावेल आणि तुझी झोपही मोडणार नाही. असे शब्द माझ्याकडे नाहीत, आणि असते तरी दिले नसते.

तुला काही कळत नाही असं असतं, तर मी एवढा चिडलोच नसतो. समोर बसवून शिकवलं असतं. पण तुला सगळं कळतं. एसए ५०१ मी वर्गात घेतलं तेव्हा पहिल्या बाकावरून उत्तर कोण देत होतं? साठा महत्त्वाचा असेल तर मोजणीला हजर राहायचं. अनपेक्षित कारणाने जाता आलं नाही तर दुसऱ्या एखाद्या दिवशी मोजायचं आणि मधल्या काळातली आवक-जावक तपासायची. गैरसोय झाली, वेळ नव्हता, खर्च वाढतो, ही कारणं चालत नाहीत. हे तू घडाघडा म्हणून दाखवलं होतंस. मग ते फक्त पेपरात मार्क मिळवायला होतं का?

आधी त्या पानाचा अर्थ समजून घे, कारण तिथेच तू स्वतःला फसवतो आहेस. तुला वाटतंय, ते पान ‘साठा बरोबर आहे’ असं सांगतं. नाही. ते पान ‘मी पाहिलं’ असं सांगतं. घटनास्थळी पाऊल न टाकता पंचनाम्यावर सही करणाऱ्या पंचाला तू काय म्हणशील? चोरी खरंच झाली होती, मुद्देमाल खरंच होता, म्हणून त्याची सही खरी ठरते का? एसए २३० काय नोंदवायला सांगतं? काम कुणी केलं आणि ते कधी पूर्ण झालं. मग कुणी तपासलं आणि कधी. नाव आणि तारीख. तुझ्या त्या पानावर दोन्ही खोटी आहेत. उरलं काय?

आणि पुढची साखळी बघ. सीनियर तुझं पान तपासल्याची खूण करणार. पार्टनर सीनियरची खूण पाहून पुढे जाणार. पार्टनर काही भिवंडीला जात नाही, त्यांनी जावं अशी अपेक्षाही नाही. त्या गोदामात फर्मचे डोळे म्हणून एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे तू. वरच्या सगळ्या सह्या तुझ्या दोन अक्षरांवर उभ्या आहेत. ‘माझी काय, नुसती आद्याक्षरं’ असं पुन्हा म्हणू नकोस.

आकडे तूच सांगितलेस. एकूण साठा २४ कोटींचा. त्यातला ६ कोटी ४० लाखांचा भिवंडीत. म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त माल असा, जो तुमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. आणि कंपनीचं कॅश क्रेडिट याच साठ्यावर आहे. बँक २५ टक्के मार्जिन ठेवते असं धरलं, तरी एकट्या भिवंडीच्या साठ्यावर ४ कोटी ८० लाखांची उचल निघते. बँकेचा अधिकारी दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट बघतो आणि वर्षअखेरीला तुमचा रिपोर्ट बघतो. कारो २०२० मध्ये साठ्याच्या कलमाखाली दोन गोष्टी लिहाव्या लागतात. व्यवस्थापनाने केलेली मोजणी, तिची व्याप्ती आणि पद्धत योग्य होती का, ही एक. आणि खेळतं भांडवल पाच कोटींच्या वर मंजूर असेल तर बँकेला दिलेली तिमाही विवरणं पुस्तकांशी जुळतात का, ही दुसरी. या दोन्ही उत्तरांखाली तुझं ते पान जाणार आहे. इथे बसून भिवंडीची पद्धत योग्य होती हे तू कसं सांगणार? उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच.

आता तुझ्या सबबी. एकेक घेऊ, कारण तू त्या एकेक करून रचल्या आहेस.

‘सर, क्लायंटची मोजणीची शीट आहे ना. त्यातून २५ बाबी उचलायच्या. आकडे तर बरोबरच आहेत.’

बरोबर आहेत हे तुला कुणी सांगितलं? शीटने? ज्या शीटची तपासणी करायची, तिलाच साक्षीला उभं करतोस? शीटवरून २५ बाबी उचलून शीटशीच जुळवल्या तर फरक निघेलच कसा? मी वर्गात दोन दिशा शिकवल्या होत्या. शीटवरची बाब घेऊन मांडणीपर्यंत जायचं, म्हणजे लिहिलेला माल खरंच आहे का ते कळतं. आणि मांडणीवरचा माल घेऊन शीटपर्यंत यायचं, म्हणजे असलेला माल लिहायचा राहिला का ते कळतं. तू एकाही दिशेने चाललेला नाहीस. खुर्चीवरून उठलासुद्धा नाहीस.

‘सीनियरनी सांगितलं.’

सीनियरनी सांगितलं म्हणून ते तुझ्या हातून घडलेलं राहत नाही का? आणि पार्टनरना हे माहीत आहे का, असं मी विचारलं तेव्हा तू खाली बघितलंस. त्यांना विचारलंच नाहीस! तू परस्पर गृहीत धरलंस की ही ‘वरून’ आलेली आज्ञा आहे. कशावरून? भिवंडीला माणूस पाठवायचं नियोजन कुणाचं होतं? सीनियरचं. विसरलं कोण? सीनियर. मग हे पान फर्मला वाचवतंय की एका माणसाची कातडी वाचवतंय? हा प्रश्न तुला पडला नाही असं मी मानत नाही. तू तो पडू दिला नाहीस, कारण पडला असता तर पार्टनरच्या केबिनचं दार ठोठावावं लागलं असतं.

‘सगळीकडे असंच चालतं.’

सगळीकडे म्हणजे कुठे? दोन फर्ममधल्या चार मित्रांच्या गप्पांत. खोटं न लिहिणारे आर्टिकल कँटीनमध्ये त्याची गोष्ट सांगत नाहीत, म्हणून ते तुला दिसत नाहीत एवढंच.

‘मी अजून सीए नाही, माझ्यावर काय येणार?’

ही सबब ऐकून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. आर्टिकलच्या वर्तनाबद्दलही संस्थेकडे तक्रार होते, ते सोड. ब्रिटनमधली कॅरिलियन ही बांधकाम कंपनी जानेवारी २०१८ मध्ये कोसळली. तिच्या आदल्या एका ऑडिटची तिथल्या नियामकाने गुणवत्ता तपासणी केली होती. त्या तपासणीच्या वेळी केपीएमजीच्या टीमने काय केलं? बैठकांची इतिवृत्तं मागाहून बनवली आणि ती मूळचीच आहेत असं भासवलं. दुसऱ्या एका कंपनीच्या फाइलबाबतही तसंच झालं. २०२२ मध्ये निकाल लागला. फर्मला १ कोटी ४४ लाख पौंडांचा दंड झाला. टीमचा प्रमुख १० वर्षांसाठी व्यवसायातून बाहेर गेला, इतर वरिष्ठही काही वर्षं बाहेर गेले. आणि टीममधला सर्वांत कनिष्ठ? त्याला बंदी झाली नाही, दंडही झाला नाही, पण गैरवर्तनाचा ठपका त्याच्यावरही आला आणि कडक ताशेरे त्याच्या नावावर नोंदले गेले. कनिष्ठ असल्यामुळे शिक्षा कमी झाली. कनिष्ठ असल्यामुळे सुटका झाली नाही. नीट ऐक, दोन्हींत फरक आहे.

आपल्याकडे सीए कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत योग्य दक्षता न घेणं आणि मत देण्यापुरती माहिती न मिळवणं, दोन्ही व्यावसायिक गैरवर्तन आहेत. ज्या कंपन्या एनएफआरएच्या कक्षेत येतात, त्यांच्या ऑडिटमध्ये गैरवर्तन सिद्ध झालं तर सीएला किमान १ लाखापासून फीच्या पाचपटीपर्यंत दंड आणि ६ महिन्यांपासून १० वर्षांपर्यंत बंदी होऊ शकते. तो दंड उद्या तुला नाही, पार्टनरना बसेल. ज्यांच्या विश्वासावर तू शिकतो आहेस, त्यांना अंधारात ठेवून त्यांच्या गळ्यात हा फास अडकवणार आहेस का?

आणि हे पकडलं जाणार नाही असं वाटतं? अरे, इतकं ढिसाळ खोटं मी पाहिलेलं नाही. त्याच दिवशी, त्याच वेळी चाकणच्या मोजणीच्या पानावरही तुझीच आद्याक्षरं आहेत. चाकण ते भिवंडी शंभराहून जास्त किलोमीटर. एक माणूस दोन्हीकडे कसा? प्रवासखर्चाचं व्हाउचर नाही. गोदामाच्या गेटवरच्या नोंदवहीत तुझं नाव नाही. फाइल तयार झाल्याची तारीख संगणक सप्टेंबर दाखवतो आणि आत लिहिलंय ३१ मार्च. खऱ्या मोजणीच्या पानावर टॅगचे नंबर असतात, सुरू केल्याची वेळ असते, एखाद्या खोक्यावर ‘फुटलेलं, वेगळं ठेवलं’ असा शेरा असतो, दोन ठिकाणी फरक येऊन खोडाखोड असते. तुझ्या पानावर २५ च्या २५ हिरव्या टिक, एका उंचीच्या, एका दमात मारलेल्या. गोदामात उभं राहून मोजलेलं पान असं कधी दिसत नाही. अनुभवी तपासनीस पहिल्या मिनिटाला ते बाजूला काढेल.

पण पकडलं जाणं हा माझा मुद्दा नाहीच. समज, पकडलं गेलं नाही. तरी त्या गोदामात काय होतं ते कुणालाच कळलेलं नाही. १९३८ मध्ये अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचा घोटाळा उघडा पडला. ८ कोटी ७० लाख डॉलरच्या मालमत्तेतले सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर निव्वळ कागदावरचे होते. कॅनडातल्या गोदामांत दाखवलेला कच्चा माल अस्तित्वातच नव्हता. ऑडिटरांनी कागद तपासले होते, आणि कागद चोख होते. माल पाहायला मात्र कुणी गेलं नव्हतं, कारण तेव्हा ते बंधनकारक नव्हतं. १९३९ पासून अमेरिकेत साठ्याची मोजणी पाहणं आणि येणेकऱ्यांकडून थेट खात्री करून घेणं हा ऑडिटचा भाग झाला. तू जे पान भरायला बसला आहेस, ती प्रक्रिया अशा रिकाम्या गोदामांतून जन्मली आहे. ती गोदामात न जाताच पूर्ण झाली असं लिहायचं?

बरं. रडगाणं बंद कर आणि आता ऐक काय करायचं ते. काम अजून करता येतं. आठ दिवस आहेत.

उद्या भिवंडीला जा. मोज. आणि तिथून मागे ३१ मार्चपर्यंत ये. रोल बॅक म्हणतात ते हेच. आजची शिल्लक घ्यायची, १ एप्रिलपासून गेलेला माल मिळवायचा, आलेला माल वजा करायचा. चौथीच्या मुलाचं गणित आहे. खरी मेख आहे ती ‘गेलेला माल’ कशावरून धरायचा यात.

एकच बाब घेऊन दाखवतो. पितळी बॉल व्हॉल्व्ह, २५ मिमी. समज, तू उद्या मोजलेस आणि १,१८० नग भरले. एप्रिलपासूनच्या आवक नोंदींप्रमाणे २,४०० नग आले. विक्रीच्या बिलांप्रमाणे २,९५० नग गेले. १,१८० मध्ये २,९५० मिळव, २,४०० वजा कर, १,७३० येतात. क्लायंटच्या मार्चच्या शीटवरही १,७३०. जुळलं! तू खूश होऊन टिक मारणार. सीनियर म्हणणार, बघ, मी म्हटलं नव्हतं का?

थांब. आता बिलं बाजूला ठेव आणि गेटवरचं जावक रजिस्टर काढ. त्यात १ एप्रिलनंतर गेलेले नग २,५५० च आहेत. ४०० नगांची एक गाडी ३० मार्चलाच गेटबाहेर पडली होती. चलन ३० मार्चचं, बिल्टी ३० मार्चची, ई-वे बिलही ३० मार्चचं. विक्रीचं बिल मात्र २ एप्रिलचं. म्हणजे ३१ मार्चच्या संध्याकाळी त्या मांडणीवर प्रत्यक्षात किती नग होते? १,१८० अधिक २,५५० उणे २,४००. म्हणजे १,३३०. आणि शीट म्हणते १,७३०.

मग त्या शीटवर १,७३० कुणी ‘मोजले’? कुणीच नाही. गोदामवाल्यांनी संगणकातली पुस्तकी शिल्लक छापली आणि खाली सही ठोकली. पुस्तकात बिल लागलं नव्हतं, म्हणून ४०० नग तिथेच दिसत राहिले. म्हणजे त्या दिवशी क्लायंटनेही मोजणी केली नाही, आणि तूही न मोजता त्यावर टिक मारणार होतास. न झालेल्या मोजणीला न केलेल्या तपासणीचा दाखला. आता सांग, आकडे बरोबरच आहेत ना?

६४० रुपयांच्या भावाने हे एका बाबीत २ लाख ५६ हजार झाले. लगेच चोर चोर म्हणून ओरडू नकोस. विक्रीची अट वाच. माल गोदामाच्या दारात ग्राहकाचा होत असेल, तर ती विक्री मार्चची आहे. साठा जास्त दाखवला आणि विक्री कमी. माल ग्राहकाच्या दारी पोचल्यावर त्याचा होत असेल, तर ३१ मार्चला तो वाटेत होता आणि कंपनीचाच होता. मग तो ‘वाटेतला माल’ म्हणून वेगळा दाखवायचा, भिवंडीच्या मांडणीवर नाही. चूक कुठली आहे, ते कागद सांगतील. पण प्रश्न पडायला आधी तिथे जावं लागतं. एका बाबीत असं निघालं तर शीटवरच्या बाकीच्या बाबींवर तुझा विश्वास किती उरतो, हा पुढचा प्रश्न, आणि तो पार्टनरच्या टेबलावर गेला पाहिजे. तिथे ठरेल की २५ बाबी पुरतात की १०० घ्यायच्या.

याच्या मर्यादाही ध्यानात ठेव. साडेपाच महिने मागे जायचं म्हणजे मधल्या प्रत्येक नोंदीवर भरवसा ठेवायचा. जावक रजिस्टरची पानं गायब असतील, आवकीचे नंबर सलग नसतील, गेटवरचा माणूस महिन्याचं एकदम भरत असेल, तर तुझा रोल बॅक कितीही सुबक दिसला तरी तो पुरावा होत नाही. अशा वेळी ‘झालं’ म्हणून लिहू नकोस. काय मिळालं, काय मिळालं नाही, तेवढंच लिही. पर्यायी पुरावाही पुरेसा मिळाला नाही, तर एसए ७०५ आहे. रिपोर्टमध्ये क्वालिफाइड मत द्यायचं की त्याहून पुढे जायचं, तो निर्णय पार्टनरचा. तुझा नाही, सीनियरचाही नाही. तुम्ही दोघांनी ते खोटं पान लिहिलं असतं, तर पार्टनरचा तो निर्णय त्यांना न कळताच काढून घेतला असता.

आणि तारीख! उद्या मोजलंस तर उद्याची तारीख घाल. मार्चची नको. ‘३१ मार्च रोजी उपस्थित राहता आले नाही. पर्यायी दिवशी मोजणी केली आणि मधल्या व्यवहारांची तपासणी केली,’ असं लिही. उशीर झाला हे लिहायला लाज वाटते? मग मार्चमध्ये आठवण करून द्यायची होती. यादीत भिवंडीचं नाव तुलाही दिसत होतं. तेव्हा का बोलला नाहीस? उशिरा पण खरं केलेलं काम फाइलमध्ये मान ताठ ठेवून बसतं.

आता बोलायचं कसं. तू काय करणार ते मला माहीत आहे. दोन दिवस सीनियरना टाळशील. फोन उचलणार नाहीस. तिसऱ्या दिवशी ते चिडून म्हणतील, ‘अरे, झालं का?’ आणि तू घाबरून सही करशील. चालढकलीतून होणाऱ्या सह्यांची हीच रीत आहे. तेव्हा उद्या सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, त्यांच्याकडे जा. चारचौघांत नको, एकट्यात. आवाज चढवू नकोस. उपदेश करू नकोस, तुला तो अधिकार नाही. एवढंच म्हण: ‘सर, मी भिवंडीला गेलो नव्हतो, त्यामुळे या पानावर मला सही करता येणार नाही. पण मी आज तिथे जाऊन मोजतो आणि रोल बॅक करतो. दोन दिवसांत पान देतो. क्लायंटला फोन आपण कराल का?’ नकार आणि उपाय एकाच श्वासात. बरेच सीनियर इथेच मोकळे होतात. त्यांनाही वाट हवी असते, आणि ती दाखवायला तुझ्याहून बरा माणूस त्यांच्याजवळ नाही.

ते म्हणाले, ‘शहाणपणा नको, सही कर,’ तर? तर म्हण, ‘मग मी पार्टनर सरांना विचारतो.’ आणि खरोखर विचार. धमकी म्हणून बोलू नकोस. त्याच दिवशी पार्टनरना चार ओळींचा मेल टाक. भिवंडीची मोजणी कुणी पाहिली नाही. ती पाहिल्याचं पान माझ्याकडे सहीसाठी आलं आहे. मी सही केलेली नाही. मी असं असं करू शकतो, आपलं मार्गदर्शन हवं. बस. विशेषणं नकोत. कुणी फसवतंय, दबाव आणतंय, असले शब्द नकोत. जे घडलं तेवढंच. टीममध्ये मतभेद असेल तर तो मिटल्याशिवाय रिपोर्ट निघू नये, हे गुणवत्ता नियंत्रणाच्या मानकातच आहे. म्हणजे तू बंड करत नाहीस, फर्मच्याच नियमाने चालतो आहेस.

आणि पार्टनरच म्हणाले, ‘कर सही’? तर फर्ममध्ये दुसरे पार्टनर आहेत, गुणवत्तेची जबाबदारी असलेलं कुणीतरी असतं, त्यांच्याकडे जा. तिथेही तेच उत्तर मिळालं, तर ती फर्म तुला ऑडिट शिकवत नाहीये, आणि बदली घेण्याचा अर्ज मी स्वतः बसून तुझ्याबरोबर लिहीन. आर्टिकलशिपच्या शेवटच्या वर्षात फर्म बदलणं सोपं नाही, हे मला कळतं. घरचे घाबरतील, तेही कळतं. म्हणून तर आज रात्रीच सांगतोय. अजून तू काही लिहिलेलं नाहीस, त्यामुळे वाट अजून मोकळी आहे.

एक गोष्ट तू जाता जाता सांगितलीस, आणि मी ती ऐकली नाही असं तुला वाटलं असेल. ‘सर, गेल्या वर्षीच्या फाइलमध्येही भिवंडीच्या याच २५ बाबी आहेत, याच क्रमाने.’ हे तू केव्हा पाहिलंस? गेल्या आठवड्यात! आणि गप्प बसलास? नमुना निवडताना दोन वर्षं त्याच २५ बाबी, त्याच क्रमाने कशा येतील? याचा अर्थ गेल्या वर्षीही कुणी गेलं नव्हतं, असा लगेच काढू नकोस. एखाद्याने आळसाने जुनी यादी घेऊन खरी मोजणी केलीही असेल. पण त्याच बाबी दोन वर्षं तपासल्या जाणार हे गोदामवाल्यांना कळलं, तर ते तेवढ्याच नीट ठेवतील, एवढं तरी तुला समजतं ना? हेही त्याच मेलमध्ये एका ओळीत जाऊ दे. गेल्या वर्षीच्या फाइलला हात लावू नकोस. एक स्वल्पविरामही बदलायचा नाही. बंद झालेल्या फाइलमध्ये काही घालायचं तर कुणी, केव्हा आणि का, ते लिहावं लागतं, आणि ते काम तुझं नाही. यंदाच्या २५ बाबी मात्र नव्याने निवड, आणि त्यातल्या निम्म्या मांडणीवरून शीटकडे येणाऱ्या असू देत.

आणि शेवटचं, ज्यावर मी मघाशीच बोलायला हवं होतं. माझ्या दारात पाऊल ठेवल्यापासून तू क्लायंटचं नाव चार वेळा घेतलंस. मी तुझ्या फर्मचा कोण लागतो? तुझा क्लासचा मास्तर, एवढंच. गोपनीयता मलाही लागू होते. प्रश्न विचारायला नाव लागत नव्हतं. शीटचा फोटो मोबाइलमध्ये काढून आणलास, तो आत्ता, माझ्यासमोर, डिलीट कर. मेल पार्टनरना गेला की मला प्रत पाठवू नकोस, मजकूर वाचूनही दाखवू नकोस. ‘गेला’ एवढाच निरोप दे. सकाळी सीनियरशी बोलून झालं की लगेच भिवंडीला निघ. गेटवरच्या वहीत नाव आणि वेळ स्वतःच्या हाताने लिही, आणि जावक रजिस्टर आधी माग, चहा नंतर.